चौसष्टावा अंक : एका प्रिंटरचे प्रकरण

फोन आला तेव्हा तक्रार अगदी साधी वाटली. एका छोट्या कार्यालयाचे वायफाय सांभाळणारा माझा जुना सहकारी म्हणाला, "लॅपटॉप जोडला जातो, मोबाइल जोडला जातो, प्रिंटर मात्र जोडला जात नाही. पासवर्ड तीनदा तपासून टाकला. तोच आहे." प्रिंटरच्या पडद्यावर काही सेकंद 'जोडत आहे' दिसायचे, मग 'जोडता आले नाही' यायचे. पासवर्ड चुकला असे तो कुठेही म्हणत नव्हता.

मी पहिला प्रश्न विचारला तो पासवर्डच्या लांबीचा. उत्तर आले, चौसष्ट. तिथेच मला अर्धे प्रकरण कळले. उरलेले अर्धे उलगडायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत वायफायच्या डब्ल्यूपीए या सुरक्षा पद्धतीतल्या पासवर्डबद्दलचे जवळजवळ सगळे गैरसमज एकामागून एक समोर आले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मांडणी काय होती

ॲक्सेस पॉइंट म्हणून एक छोटा लिनक्स संगणक होता आणि त्यावर `hostapd` चालत होते. सहकाऱ्याने सुरक्षिततेचा विचार मनापासून केला होता. माणसाने सुचवलेला शब्द नको, यंत्राने काढलेली यादृच्छिक की हवी, म्हणून त्याने `openssl rand -hex 32` हा आदेश चालवला आणि आलेले चौसष्ट हेक्स अंक सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवले. खरी की इथे देत नाही, तिच्याच घडणीची दुसरी देतो:

```
ssid=karyashala
wpa=2
wpa_key_mgmt=WPA-PSK
rsn_pairwise=CCMP
wpa_psk=3f9a1c7e5b20d846e1f7720b94ac5d386e0f8b12c7d3496a2058ef91b46d7ac5
```

यात काहीच चुकलेले नाही. `wpa_psk` हे नाव नेमके यासाठीच आहे, तिथे चौसष्ट हेक्स अंकच लागतात. शब्दांचा पासवर्ड द्यायचा असेल तर त्याची ओळ वेगळी, `wpa_passphrase`, आणि तिथे ८ ते ६३ अक्षरे चालतात. सहकाऱ्याला हा फरक केवळ लांबीचा वाटत होता, म्हणजे एक लहान पासवर्ड आणि एक मोठा पासवर्ड. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत.

वायफायला आतून लागते ती २५६ बिटांची एक की. तिला पीएसके म्हणतात. ती मिळवायच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे की जशीच्या तशी द्यायची. २५६ बिट हेक्समध्ये लिहिले, की एका अंकात चार बिट या हिशेबाने बरोबर चौसष्ट अंक होतात, ना एक कमी ना एक जास्त. दुसऱ्या वाटेने माणसाला लक्षात ठेवता येईल असा मजकूर द्यायचा आणि यंत्राने त्यातून ती २५६ बिटांची की घडवायची. या मजकुराला पासफ्रेज म्हणतात, आणि राउटरच्या डब्यावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर आपण ज्याला 'पासवर्ड' म्हणतो तो बहुतेक वेळा हाच असतो.

पण पडद्यावर चौकट एकच असते. तिथे काहीतरी टाइप झाले की ते पासफ्रेज समजायचे की तयार की, हे यंत्राने कसे ओळखायचे? त्यासाठीच ६३ची मर्यादा आहे. २००४ साली आलेल्या आयट्रिपलईच्या ८०२.११आय या मानकात हे कारण स्पष्ट दिले आहे : पासफ्रेज आणि चौसष्ट हेक्स अंकांत लिहिलेली की यांत फरक करता यावा म्हणून पासफ्रेज ६३वर थांबवली. त्रेसष्ट अक्षरांपर्यंत पासफ्रेज, चौसष्ट झाले की ती की.

काही जण या मर्यादेचा संबंध गणिताशी जोडतात. पासफ्रेजमधून की घडवताना जी एचएमएसी नावाची क्रिया वापरतात तिचा ठोकळा ६४ बाइटांचा असतो, म्हणून मजकूर त्याहून लहान हवा, असा तो तर्क. पण ६४ बाइटांच्या ठोकळ्यात ६४ अक्षरेही मावतात आणि त्याहून लांब मजकुराचीही सोय त्या क्रियेत आहे. गणिताची अडचण नव्हतीच, हवी होती ती फक्त ओळखायची खूण.

प्रिंटरने काय केले

प्रिंटरच्या पासवर्डच्या चौकटीत त्रेसष्टच अक्षरे मावत होती. चौसष्टावे टाइप केले तर ते नुसते उमटत नव्हते. आवाज नाही, सूचना नाही. इतकी लांब ओळ छोट्या पडद्यावर पुढे सरकत जाते, त्यामुळे शेवटचा `5` पडलाच नाही हे सहकाऱ्याच्या लक्षात येणे अवघड होते. त्याने तीनदा तपासले ते खरेच होते, पण तपासले ते कागदावरचे अंक.

आता प्रिंटरच्या बाजूने पाहू. त्याच्याकडे `3f9a1c7e` ने सुरू होणारी आणि `b46d7ac` ने संपणारी त्रेसष्ट अक्षरे आहेत. ती ८ ते ६३ मध्ये बसतात, सगळी चालणारी आहेत, म्हणजे ही एक कायदेशीर पासफ्रेज झाली. प्रिंटरला शंका येण्याचे काही कारणच नाही. त्याने नियमाप्रमाणे त्या मजकुरातून एक नवी २५६ बिटांची की घडवली. ॲक्सेस पॉइंटकडची की आणि ही की यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. शेवटचा एक अंक गळाला म्हणून की 'थोडीशी' चुकली असे होत नाही. त्या मजकुराची जातच बदलली.

मग प्रिंटरने 'पासवर्ड चुकीचा' असे का म्हटले नाही? डब्ल्यूपीएमध्ये पासवर्ड हवेतून कधी पाठवलाच जात नाही, आणि त्यामुळे 'हा चूक आहे' असे उत्तरही कोणी देत नाही. दोन्ही बाजू आपापल्या कीच्या आधारे चार संदेशांची देवाणघेवाण करतात. ॲक्सेस पॉइंट पहिल्या संदेशात एक यादृच्छिक आकडा देतो. प्रिंटर दुसऱ्या संदेशात आपला आकडा देतो आणि त्यावर आपल्या कीने काढलेला एक शिक्का मारतो. ॲक्सेस पॉइंट स्वतःच्या कीने तोच शिक्का काढून बघतो. दोन्ही जुळले नाहीत तर तो दुसरा संदेश टाकून देतो, तिसरा पाठवतच नाही. प्रिंटर वाट बघत राहतो आणि वेळ संपली की 'जोडता आले नाही' म्हणतो. नेटवर्क दूर असले किंवा सिग्नल क्षीण असला तरी पडद्यावर अगदी हेच दिसले असते.

म्हणून असा दोष शोधायचा तर ॲक्सेस पॉइंटच्या बाजूने पाहावे लागते. मी सहकाऱ्याला `hostapd` ची नोंद उघडायला सांगितली. प्रिंटर जोडायचा प्रयत्न केला की दर वेळी तिथे ही ओळ उमटत होती :

```
AP-STA-POSSIBLE-PSK-MISMATCH
```

तिच्या पुढे प्रिंटरचा हार्डवेअर पत्ता होता. म्हणजे सिग्नल पोहोचतो आहे, दुसरा संदेशही येतो आहे, आणि दोघांकडच्या की वेगळ्या आहेत. एवढे कळल्यावर रेडिओ, चॅनल, अंतर हे सगळे विषय बाजूला पडले. लिनक्सच्या लॅपटॉपवर हीच अडचण आली असती तर `wpa_supplicant` च्या नोंदीत `pre-shared key may be incorrect` असे वाचायला मिळाले असते. प्रिंटरमध्ये अशी नोंद बघायची सोय नव्हती.

बत्तीस अक्षरांची युक्ती

कारण समजल्यावर सहकाऱ्याने एक तोड सुचवली आणि ती ऐकून मला डब्ल्यूईपी या वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीचे दिवस आठवले. तो म्हणाला, "दोन हेक्स अंकांचे एक अक्षर होते ना? मग चौसष्ट अंकांची बत्तीस अक्षरे करतो आणि ती प्रिंटरमध्ये टाकतो. बत्तीस तर चालतात."

डब्ल्यूईपीमध्ये हे खरोखर चालायचे. तिथे की पाच अक्षरांत दिली काय किंवा त्याच अक्षरांचे दहा हेक्स अंक दिले काय, वस्तू एकच होती. तेरा अक्षरे आणि सव्वीस अंक यांचेही तसेच. हेक्स म्हणजे त्याच मजकुराचे दुसऱ्या लिपीतले लेखन. ज्यांनी त्या काळात नेटवर्क सांभाळले त्यांच्या मनात हे समीकरण घट्ट बसले आहे.

डब्ल्यूपीएमध्ये ते लागू होत नाही. इथे पासफ्रेज आणि की यांच्यामध्ये एक लांबलचक गणिती प्रक्रिया उभी आहे, तिचे नाव पीबीकेडीएफ२. तिच्यात तीन गोष्टी जातात : पासफ्रेज, नेटवर्कचे नाव म्हणजे एसएसआयडी, आणि फेऱ्यांची संख्या, जी ४०९६ ठरलेली आहे. प्रत्येक फेरीत एसएचए-१ वर आधारलेली एचएमएसी क्रिया चालते. एसएचए-१ एका वेळी १६० बिटच देते आणि हवेत २५६, म्हणून ही ४०९६ फेऱ्यांची रांग दोनदा चालवावी लागते. पहिल्या रांगेतून पूर्ण २० बाइट घेतात, दुसरीतून लागतात तेवढे १२. दोन्ही मिळून ३२ बाइट, म्हणजे चौसष्ट हेक्स अंक.

ही प्रक्रिया एकाच दिशेने चालते. पासफ्रेजमधून की काढता येते, पण कीमधून पासफ्रेज काढता येत नाही. सहकाऱ्याची की तर थेट यादृच्छिक काढलेली होती, तिच्यामागे कुठलीही पासफ्रेज कधी नव्हतीच. त्यामुळे ज्या यंत्राला फक्त पासफ्रेज स्वीकारता येते त्याला त्या नेटवर्कमध्ये आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता. प्रिंटरच्या चौकटीत काहीही टाइप केले असते तरी ते जुळले नसते. हे त्याला पटायला वेळ लागला, आणि ते मी समजू शकतो. 'योग्य पासवर्ड अस्तित्वातच नाही' हे वाक्य ऐकायला विचित्रच वाटते.

पटवायला मी त्याला मानकातलेच एक उदाहरण चालवून बघायला सांगितले. नेटवर्कचे नाव `IEEE` आणि पासफ्रेज `password` घेतली तर येणारी की मानकात छापलेली आहे. पायथॉन असेल तर कोणीही ताडून पाहू शकते :

```
python3 -c "import hashlib; print(hashlib.pbkdf2_hmac('sha1', b'password', b'IEEE', 4096, 32).hex())"
```

उत्तर हे येते :

```
f42c6fc52df0ebef9ebb4b90b38a5f902e83fe1b135a70e23aed762e9710a12e
```

`password` या शब्दाची अक्षरे हेक्समध्ये लिहिली तर `70617373776f7264` होतात. वरच्या कीमध्ये त्यांचा मागमूस नाही.

दुसरा दिवस : त्रेसष्टवर तडजोड

मी दुसऱ्या दिवशी येतो म्हणालो होतो, पण प्रिंटर अडला होता, म्हणून सहकाऱ्याने रात्रीच स्वतःचा उपाय केला. प्रिंटर त्रेसष्ट अक्षरे घेतो ना, मग ॲक्सेस पॉइंटवरही शेवटचा अंक काढून टाकू. `wpa_psk` च्या ओळीतला शेवटचा `5` पुसला तर `hostapd` सुरूच होईना, कारण त्या ओळीला चौसष्ट अंकच लागतात. मग त्याने तीच त्रेसष्ट अक्षरे `wpa_passphrase` च्या ओळीत नेली. `hostapd` सुरू झाले आणि प्रिंटर पहिल्या झटक्यात जोडला गेला.

हा उपाय बरोबरच आहे. दोन्हीकडे तीच पासफ्रेज, तेच एसएसआयडी, म्हणून तीच की. सुरक्षितताही कमी झाली नाही : त्रेसष्ट यादृच्छिक हेक्स अंक म्हणजे २५२ बिट. आता लॅपटॉप आणि मोबाइल तुटले, ते अपेक्षितच होते. पण ते परत जोडताना दोन नव्या अडचणी निघाल्या, आणि दोन्ही फार शिकण्यासारख्या आहेत.

लॅपटॉपवर `wpa_supplicant` ची फाइल होती. सुरुवातीला त्याने तिथे चौसष्ट अंक अवतरणचिन्हांत लिहिले होते, तेव्हा `expected: 8..63` असा दोष आला होता. चिन्हे काढल्यावर काम झाले, म्हणून चिन्हे ही निव्वळ सजावट आहे असे त्याला वाटले होते. आता शेवटचा अंक काढल्यावर फाइल पुन्हा नाकारली गेली, या वेळी `Invalid PSK` म्हणून. त्या फाइलमध्ये चिन्हांनाच अर्थ आहे. चिन्हांत लिहिले ते पासफ्रेज, चिन्हांशिवाय लिहिले ती की :

```
psk="ithe 8 te 63 akshare"
psk=3f9a1c7e5b20d846e1f7720b94ac5d386e0f8b12c7d3496a2058ef91b46d7ac5
```

मोबाइलला ही चिन्हे दिसत नाहीत, तो स्वतः ठरवतो. अँड्रॉइडच्या सेटिंग्जच्या कोडमध्ये अशी तपासणी आहे की टाइप केलेला मजकूर नेमके चौसष्ट हेक्स अंक असेल तर तो चिन्हांशिवाय, म्हणजे की म्हणून पुढे द्यायचा, नाहीतर चिन्हांत घालून पासफ्रेज म्हणून. यातून आणखी एक गोष्ट निघते. पासवर्ड सांभाळणाऱ्या एखाद्या ॲपकडून कोणी ६४ अक्षरांचा मिश्र पासवर्ड काढला, ज्यात g पासून z पर्यंतची अक्षरे किंवा चिन्हेही आहेत, तर तो ना पासफ्रेज ठरतो ना की. पासफ्रेजला तो एकाने लांब आहे आणि हेक्स तो नाहीच. नियम पाळणारे कोणतेही यंत्र तो घेणार नाही.

दुसरी अडचण एका टॅबलेटची. त्यावर त्रेसष्ट अक्षरे नीट मोजून टाकली तरी तो जोडला जाईना. मी पोहोचलो तेव्हा सहकारी पुन्हा पुन्हा अंक मोजत होता. भिंतीवरच्या कागदावर की मोठ्या अक्षरांत छापलेली होती, `3F9A1C7E` अशी. कागद जुना, चौसष्ट अंकांच्या दिवसांतला. तेव्हा `A` आणि `a` यांत फरक नव्हता, कारण हेक्समध्ये दोन्ही म्हणजे दहाच. कालपर्यंत मोबाइलवर कोणी मोठ्या लिपीत टाइप केले असते तरी चालले असते. अंक त्रेसष्ट झाले आणि तोच मजकूर पासफ्रेज झाला. पासफ्रेजमध्ये मोठा `A` आणि लहान `a` ही दोन वेगळी अक्षरे आहेत. टॅबलेटने कागद बघून मोठ्या अक्षरांची पासफ्रेज घेतली आणि तिसरीच की घडवली.

एक अंक कमी झाल्याने लहानमोठ्या अक्षरांचा नियम बदलतो, हे कोणाच्याही सहज लक्षात येणारे नाही. म्हणूनच मी त्याला म्हटले, त्रेसष्ट हेक्स अंकांची पासफ्रेज चालेल, पण ठेवू नकोस. ती कीसारखी दिसते आणि की नाही. तुझ्यानंतर जो कोणी हे नेटवर्क बघेल तो ती चौसष्ट समजून कुठेतरी भरेल आणि याच फेऱ्यात अडकेल.

किती लांब पुरे

सहकाऱ्याचा खरा प्रश्न होता की चौसष्ट अंक सोडले तर सुरक्षितता घसरणार नाही का. इथे आकडे सांगणे भाग आहे.

या मांडणीत माहिती प्रत्यक्ष लपवते ती सीसीएमपी, आणि तिची एईएस की १२८ बिटांची. पासफ्रेजमध्ये १२८ बिटांहून जास्त अनिश्चितता भरली तर हल्लेखोराचे काम त्याहून अवघड होत नाही. तो पासफ्रेज सोडून सरळ १२८ बिटांच्या कीमागे लागला तरी त्याला तेवढेच कष्ट आहेत. पासफ्रेजमध्ये चालणारी अक्षरे म्हणजे ॲस्की सांकेतांक ३२ ते १२६, एकूण ९५. त्यांतून यादृच्छिक निवडले तर एका अक्षरात साडेसहा बिटांहून थोडे अधिक मिळतात आणि वीस अक्षरांत सुमारे १३१ बिट होतात. यादृच्छिक असतील तर वीस पुरतात.

माणसाने स्वतः रचलेल्या वाक्याचा हिशेब वेगळा. मानकातच म्हटले आहे की अशा पासफ्रेजमध्ये अक्षरामागे साधारण अडीच बिट धरावेत आणि ४०९६ फेऱ्यांमुळे वर १२ बिटांची भर पडते. आठ अक्षरांना त्या हिशेबाने ३२ बिट येतात, वीस अक्षरांना ६२. त्याच ठिकाणी असेही लिहिले आहे की सुमारे वीसपेक्षा कमी अक्षरांची पासफ्रेज हल्ला रोखेल अशी शक्यता कमी. ज्याने ते चार संदेश हवेतून एकदा टिपले तो नंतर आपल्या घरी बसून हवे तितके शब्द लावून बघू शकतो, नेटवर्कजवळ यायची त्याला गरज उरत नाही. आठ अक्षरांची अट ही यंत्राने नाकारू नये एवढ्यापुरती आहे. लोक तिला शिफारस समजतात आणि नेमकी आठ अक्षरे ठेवतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की त्याची मला खरोखर काळजी वाटते.

आम्ही मधला मार्ग घेतला. प्रिंटरच्या बटणांनी मोठी लिपी आणि चिन्हे टाइप करणे जाचक होते, म्हणून लहान अक्षरे आणि अंकच ठेवले. त्यातूनही एकमेकांसारखी दिसणारी `l`, `o`, `0`, `1` वगळली. उरतात बरोबर ३२, म्हणजे एका अक्षरात पाच बिट. अशी अठ्ठावीस काढली, १४० बिट झाले :

```
tr -dc 'a-km-np-z2-9' </dev/urandom | head -c 28
```

वाचायला सोपे जावे म्हणून चार-चारचे गट करून मध्ये जोडरेघ घातली. या रेघा पासवर्डचाच भाग आहेत. घडण अशी :

```
k7mq-3xtd-w9ve-h4zr-ps6n-8cjy-f2ub
```

एकूण चौतीस अक्षरे. जोडरेघेऐवजी मोकळी जागा नको हे मी आग्रहाने सांगितले. मोकळी जागा हे ३२ सांकेतांकाचे पूर्ण कायदेशीर अक्षर आहे, पण कागदावर ती आहे की नुसती छपाईची सोय आहे हे कळत नाही, आणि शेवटी चिकटून आलेली तर दिसतच नाही. मजकूर किती लांबीचा आहे याची शंका आली तर `printf` ने मोजावे, `echo` ने नाही, कारण `echo` शेवटी नव्या ओळीची खूण जोडते आणि आकडा एकाने वाढतो :

```
printf %s 'k7mq-3xtd-w9ve-h4zr-ps6n-8cjy-f2ub' | wc -c
```

इथे जाता जाता देवनागरीबद्दल. देवनागरी पासफ्रेज ठेवायची इच्छा मलाही झाली होती, पण ती टाळावी. 'पासवर्ड' या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, युनिकोडचे सांकेतांक सात आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये बाइट एकवीस. एखादे यंत्र सात मोजून नाकारेल, दुसरे एकवीस मोजून स्वीकारेल. मानकात तर ३२ ते १२६ बाहेरच्या सांकेतांकांना जागाच नाही.

नाव बदलले तेव्हा

नवी पासफ्रेज सगळीकडे गेली, सगळी यंत्रे जोडली गेली. फक्त लॅपटॉपच्या फाइलमध्ये उघडी पासफ्रेज ठेवायला सहकारी तयार नव्हता. त्यासाठी `wpa_passphrase` नावाचे छोटे साधन आहे. `wpa_passphrase karyashala` एवढेच लिहिले तर ते पासफ्रेज वेगळी विचारते, म्हणजे ती आदेशांच्या इतिहासात राहत नाही, आणि तयार चौसष्ट अंक छापून देते. ते अंक त्याने फाइलमध्ये ठेवले. हे साधन मूळ पासफ्रेजही `#psk=` ने सुरू होणाऱ्या टिपेच्या ओळीत छापते. ती ओळ पुसायची राहिली तर लपवण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. त्याची राहिली होती, आम्ही ती पुसली. चौसष्ट अंकांनी झाकली जाते ती फक्त मूळ पासफ्रेज. या नेटवर्कमध्ये शिरायला ते अंकच पुरेसे आहेत, म्हणून ती फाइल कोणालाही वाचता येईल अशी ठेवायची नाही.

दोन आठवड्यांनी त्याने नेटवर्कचे नाव `karyashala` वरून `karyashala-2` केले. पासवर्डला हात लावला नाही. मोबाइल, टॅबलेट, प्रिंटर यांवर नवे नाव निवडून तीच चौतीस अक्षरे टाकली आणि ते जोडले गेले. लॅपटॉपवर फाइलमधले नाव बदलले तरी तो जोडला जाईना. नोंदीत पुन्हा तेच, की जुळत नाही.

या वेळी त्याने मला फोन केला तो कारण सांगायला. की घडवताना एसएसआयडी आत जाते, तेव्हा नाव बदलले की की बदलते. पासफ्रेज जाणणारी यंत्रे नव्या नावाने नवी की घडवून घेतात. लॅपटॉपकडे पासफ्रेज नव्हतीच, होती ती जुन्या नावाने घडलेली की, आणि ती आता कुठल्याच नेटवर्कची नव्हती. त्याने `wpa_passphrase karyashala-2` चालवून नवे अंक भरले होते. गंमत अशी की पहिल्या दिवशीची ती यादृच्छिक की आजही असती तर नाव बदलून काहीच बिघडले नसते, कारण ती कुठल्या नावातून घडलेलीच नव्हती.

त्याच फोनवर त्याने विचारले की पुढे डब्ल्यूपीए३ सुरू केले तर लॅपटॉपचे काय. तिथे लॅपटॉपला पुन्हा उघडी पासफ्रेज द्यावी लागेल. २०१८ साली आलेल्या डब्ल्यूपीए३च्या घरगुती प्रकारात एसएई नावाची वेगळी देवाणघेवाण होते. तिला मूळ पासवर्ड लागतो, पीबीकेडीएफ२ मधून निघालेले चौसष्ट अंक तिला निरुपयोगी आहेत. एसएईला स्वतःला ८ ते ६३ची अट नाही, पण जुनी डब्ल्यूपीए२ यंत्रेही त्याच पासवर्डने जोडायची असतील तर त्यांच्यासाठी ती अट पाळावीच लागते. चौतीस अक्षरे दोन्हीकडे बसतात. भिंतीवरचा कागद त्याने बदलला आहे. त्यावर आता लहान लिपीत ती ओळ आहे आणि खाली लिहिले आहे : 'एकूण ३४ अक्षरे, रेघांसह.'